शटर आहे, दुकान नाही

आमच्या इंदूरच्या घराला पुढच्या खोलीला लोखंडी शटर आहे. वडिलांना स्कूटर आत घेता यावी म्हणून त्यांनी ते बसवलं होतं. स्कूटर कधीच भंगारात गेली, शटर उरलं. सर्व्हेवाल्याने ते रस्त्यावरूनच बघितलं असावं, कारण आत आल्याचं घरात कुणालाच आठवत नाही. यंदाच्या संपत्तिकराच्या मागणीत त्या खोलीपुढे 'व्यावसायिक' असं छापून आलं. शिवाय वर चारशे फुटांची खोली आणि पाचशे फुटांची मोकळी गच्ची आहे, तिथे सरसकट नऊशे फूट बांधकाम धरलं होतं.

"शटर म्हणजे दुकान? मग उद्या कुलूप बघून बँक म्हणतील!" बायको म्हणाली.

आपल्याकडे कर क्षेत्रफळावर थेट लागत नाही. आधी वार्षिक भाडेमूल्य काढतात, आणि घरमालक स्वतः राहत असेल तर त्यात निम्मी सूट मिळते. हिशेबाला सोपं म्हणून दर निवासी दहा रुपये फूट आणि दुकानाचा वीस धरू. एकशेवीस फुटांची खोली घर म्हणून बाराशेची, सूट जाऊन सहाशेची. दुकान म्हटलं की चोवीसशे, आणि सूट शून्य. म्हणजे एका शटरपायी खोली चौपट! दर वाढलेला लगेच दिसतो. सूट मात्र गुपचूप जाते, म्हणून बिलात तो रकाना आधी बघावा.

आतेभाऊ अर्ज लिहायला धावून आला. त्याने "अन्यायकारक करवाढीबाबत तीव्र निषेध" अशी सुरुवात करून दोन पानं पेटवली. निषेधाला बाबू आवक नंबर देतो आणि फायलीत निजवतो. मी ते बाजूला ठेवून साधा तक्ता आखला: मजला, बिलातलं माप, खरं माप, बिलातला वापर, खरा वापर. खाली मागणी दोनच ओळींची. मौक्यावर येऊन मोजणी करावी; आणि सुधारणा या वर्षापासून लावून फरकाची रक्कम बकाया म्हणून पुढे ओढू नये. ही दुसरी ओळ लिहायची राहिली तर पुढचं बिल बरोबर येतं आणि जुनी चूक त्यात थकबाकी होऊन बसते.

मोजताना भाऊ म्हणाला, "आतून मोज, भिंती कशाला धरतोस?" पण इथे हिशेब बांधलेल्या क्षेत्राचा असतो, भिंतींसकट. शिवाय आपल्या स्वनिर्धारणात आणि त्यांच्या मोजणीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात. त्याहून जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे. भावाने निमूटपणे टेपचं टोक भिंतीबाहेर नेलं.

जोडीला गेल्या वर्षीची पावती, मंजूर नकाशा आणि विजेचं बिल लावलं. या तिघांत विजेचं बिल खरं पैलवान. मीटर घरगुती असला की दुकान सिद्ध करणं अवघड. मीटर व्यावसायिक निघाला तर मात्र अर्ज न केलेलाच बरा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हललो नाही. बाबू म्हणाला, "रख लेंगे भिया, भरोसा रखो." भरोसा ठेवला, शिक्काही घेतला. ज्या रकमेबद्दल वाद नव्हता ती भरूनही टाकली, म्हणजे निदान तेवढ्यावर तरी अधिभार चढायला नको.

यथावकाश बिल कलेक्टर मौक्यावर आले. गच्ची झटक्यात मिटली. वर आभाळ होतं, त्यावर कोण काय बोलणार! मग म्हणाले, "शटर उठाइए." ते अर्ध्यावर अडकलं. मी खालून रेटतोय, भाऊ वरून ओढतोय, आणि नेमके समोरचे गुप्ताजी स्कूटर थांबवून विचारतात, "क्या भिया, दुकान खोल रहे हो? मुहूर्त कब का है?"

बिल कलेक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

आत गणपतीचं मखर, रिकामे डबे आणि खाटेवर वाळत घातलेले उडदाचे पापड. त्यांनी एक पापड उचलून बघितला. "बेचते हैं?"

"वाटतो," बायको म्हणाली. "पुण्याला नणंदेकडे जातात. पैसे तिने आजवर एकदाही दिलेले नाहीत."

ही साक्ष इतकी पोटतिडकीची होती की साहेबांना काही विचारावंसं वाटलं नाही. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं: शटर लगा है, दुकान नहीं है, कमरे में घरेलू सामान. गुप्ताजींची साक्षीदार म्हणून सही घेतली, तेव्हा ते म्हणाले, "यानी मुहूर्त नहीं है?"

सुधारित मागणीत वर चारशे फूट आणि पुढच्या खोलीपुढे 'आवासीय' आलं. बकायाच्या रकान्यात मात्र जुना फरक बसलेलाच होता. मी शिक्का मारलेली प्रत काढून तक्त्याखालच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बाबूने ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि म्हणाला, "यह तो आपने पहले ही लिख दिया था."

"हो," मी म्हटलं, "आणि शिक्का तुमचाच आहे."