ऐंशीनंतरचं बीपी उभं राहून मोजा

"डॉक्टर, ती बीपीची गोळी आधी बंद करा. बाबा पडले ते तिच्यामुळेच."

चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा समोर बसले होते, कपाळावर टाके. मुलगा चिडलेला होता आणि त्याचं चिडणं मला पटत होतं. पहाटे बाथरूमला जायला उठले, चार पावलं टाकली आणि कोसळले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. फाइलमध्ये गेल्या वर्षभराची बीपीची नोंद होती: १४२, १३८, १४४. सगळी बसून घेतलेली, आणि प्रत्येकीपुढे कुणीतरी 'उत्तम' लिहिलेलं.

मी आजोबांना पाच मिनिटं आडवं केलं. बीपी १६८/८०. मग उभं केलं, मागे मुलाला थांबवलं. एका मिनिटाने १३६, तीन मिनिटांनी १२८/६८. नाडी ७२ वरून ९६ वर गेली होती. आजोबा म्हणाले, "थोडं अंधारल्यासारखं होतंय." वर्षभर फाइलमध्ये जे दिसलं नाही, ते या आठ मिनिटांत दिसलं.

माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे सरकतं. तरुणपणी शिरा लगेच आवळतात, हृदय वेग घेतं, आपल्याला कळतही नाही. ऐंशीनंतर ही यंत्रणा मंदावते. तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर तो आजार मानतात. आजोबांचं ४० ने उतरलं होतं. नाडीही बोलकी असते. बीपी घसरूनही नाडी फारशी वाढत नसेल, तर मज्जातंतूंचा दोष असण्याची शंका येते. इथे ती चांगली २४ ने वाढली होती, म्हणजे यंत्रणा धडपडत होती पण शिरांमध्ये रक्त कमी पडत होतं.

का कमी पडत होतं, ते औषधांच्या पिशवीत सापडलं. (पिशवी आणायला सांगा, यादी नको. यादीत अर्ध्या गोळ्या नसतात.) दोन वर्षांपूर्वी बीपीचं अम्लोडिपिन ५ वरून १० मिलिग्रॅम केलेलं. त्यानंतर पावलं सुजली. अम्लोडिपिनने पाय सुजतात, डोस वाढला की जास्त सुजतात, कारण बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं. पण सूज पाहून कुणीतरी लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड, लिहून दिली. तिने सूज जेमतेम उतरली, शरीर मात्र कोरडं पडलं. त्यात प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन होतं, जे उभं राहिल्यावर शिरा आवळू देत नाही. एका गोळीचा दुष्परिणाम झाकायला दुसरी आली आणि दोघींनी मिळून माणूस पाडला.

आता बीपीचं औषधच बंद करायचं का? इथे माझा मुलाशी मतभेद होता. झोपून १६८ असलेल्या माणसाची गोळी काढून टाकणं म्हणजे पडण्याच्या भीतीपोटी पक्षाघाताला दार उघडणं. २००८ साली प्रसिद्ध झालेला हायव्हेट अभ्यास याच वयाचा होता: ऐंशी वा त्याहून मोठे ३,८४५ लोक, वरचं बीपी १६० किंवा जास्त. इंडापामाइड आणि गरज पडली तर पेरिंडोप्रिल देऊन १५०/८० चं लक्ष्य ठेवलं. साधारण दोन वर्षांतच मृत्यू २१ टक्क्यांनी कमी दिसले, हृदय निकामी होणं ६४ टक्क्यांनी. पक्षाघात ३० टक्क्यांनी घटला, तोही आकडेवारीच्या काठावर. अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. मला मात्र त्यातली एक अट सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांचं उभं राहून वरचं बीपी १४० च्या खाली होतं, त्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे ज्या पुराव्यावर आपण ऐंशीनंतर औषध देतो, त्यातल्या प्रत्येकाला आधी उभं करून मोजलं होतं. आमचे आजोबा त्यात बसलेच नसते.

मग काही जण सांगतात ते १२० चं लक्ष्य कुठून आलं? स्प्रिंट अभ्यासातून. त्यात पंचाहत्तरीपुढचे २,६३६ लोक होते. १२० च्या खाली ठेवलेल्यांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या, आणि त्यातल्या अशक्त गटातही फायदा दिसला. पण मधुमेही, पक्षाघात होऊन गेलेले, वृद्धाश्रमात राहणारे, उभं राहून ११० च्या खाली जाणारे, हे सगळे वगळले होते. शिवाय बीपी आपोआप मोजणाऱ्या यंत्राने, शांत बसवून घेतलं होतं. आपल्या घाईच्या ओपीडीतला १३० हा त्यांच्या १२० च्या जवळपासचा असू शकतो.

दुसऱ्या टोकाला, २०२५ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतला अभ्यास आला: हजारांवर अशक्त, ऐंशीपुढचे लोक, दोन किंवा जास्त औषधांवर बीपी १३० च्या खाली. पायरीपायरीने औषधं कमी केली. मृत्यू कमी झाले नाहीत, वाढलेही नाहीत. ज्याला खुर्चीतून उठायलाही माणूस लागतो, त्याची तिसरी गोळी काढायला घाबरू नये, एवढं धैर्य मी त्यातून घेतो. एक धडधाकट, एक अशक्त, पण वय दोघांचंही चौऱ्याऐंशीच असू शकतं, म्हणून मी चाल पाहतो. चार मीटर पाच सेकंदांत चालणारा माणूस वेगळा, दहा सेकंद घेणारा वेगळा. आजोबांना सहा लागले.

तर केलं काय? हृदय निकामी होत नाही ना, हे तपासून फ्युरोसेमाइड बंद केलं. अम्लोडिपिन परत ५ वर आणलं. बीपीचं दुसरं औषध, तेल्मिसार्टन ४०, चालू होतं, ते तसंच ठेवलं. टॅम्सुलोसिन काढता येत नव्हतं. दोन आठवड्यांनी पावलांची सूज ओसरली होती. झोपून १५८, उभं राहून १४६, बसून १५०. मुलगा हबकला, "वाढलं की हो!" बसून वाढलं, उभं राहून १२८ वरून १४६ झालं, आणि डोळ्यांपुढची अंधारी गेली. मग तेल्मिसार्टन ८० केलं, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहिलं, ठीक निघालं. सहा आठवड्यांनी झोपून १४६, बसून १३८, उभं राहून १३४.

बसून १३८. पडण्याआधी फाइलमध्ये 'उत्तम' लिहिलेल्या आकड्यांतलाच एक.

इथेच थांबलो. युरोपातली २०२३ ची उच्च रक्तदाबाची मार्गदर्शिका ऐंशीनंतर १४० ते १५० म्हणते, सोसलं तर १३० ते १३९. माझ्या मते 'सोसलं तर' याचा अर्थ उभं राहून सोसलं तर. १२० गाठायला तिसरी गोळी जोडली असती तर कदाचित एखादा झटका टळलाही असता, पण चार मीटरला सहा सेकंद घेणाऱ्या माणसावर ती पैज लावायला मी तयार नाही.

याच आठवड्यात आणखी एक आजी आल्या, ब्याऐंशीच्या. जिने चढतात, चार मीटर चार सेकंदांत. झोपून १७६, बसून १७४, उभं राहून १७०. सून म्हणाली, "आता या वयात कशाला गोळ्या, पडल्या तर?" त्यांना मी एक गोळी त्याच दिवशी सुरू केली, आणि महिन्याने उभं करून मोजायला बोलावलंय.