स्केचमधून डेप्थ निघत नाही, ती भरावी लागते

“रफ स्केच कंट्रोलनेटला द्या, डेप्थ निवडा आणि वेट 2 करा. ले-आउट तसूभरही हलत नाही, लेबलसुद्धा जसंच्या तसं येतं. बाटली जागची हलू नये म्हणून ओपनपोझही लावा.”

हा फॉरवर्ड कोकम सरबत विकणाऱ्या माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचलाय, आणि त्यातली पहिलीच पायरी चुकीची आहे. कंट्रोलनेट म्हणजे स्टेबल डिफ्यूजनसारख्या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलला ठरलेली मांडणी पाळायला लावणारं साधन.

डेप्थचा प्रीप्रोसेसर, म्हणजे दिलेल्या चित्रातून खोलीचा करडा नकाशा काढणारा भाग, सावल्या, पोत आणि पर्स्पेक्टिव्ह बघून काय जवळ आणि काय लांब याचा अंदाज बांधतो. पांढऱ्या कागदावरच्या चार काळ्या रेघांत यातलं जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे त्याला बाटली दिसत नाही, सपाट कागद दिसतो. खात्री करायची तर `Allow Preview` चालू करून नुसता नकाशा बघा. रेघेच्या आतला आणि बाहेरचा करडा रंग सारखाच असेल, तर त्या नकाशात बाटली नाहीच. मग वेट कितीही वाढवा, चुकीचाच नकाशा जास्त जोरात लागू होणार.

स्केच हवंच असेल तर करडे रंग स्वतः भरा. या नकाशात जवळचं पांढरं, म्हणजे 255, आणि लांबचं काळं, म्हणजे 0, असतं. समजा, टेबलावर मागे बाटली आहे आणि उजवीकडे थोडा पुढे ग्लास. क्रिटा किंवा गिंपमध्ये स्केच वरच्या थरावर ठेवा. खालच्या थरावर आधी भिंत 50 च्या करड्यानं भरा. मग टेबलाला ग्रेडियंट द्या: फ्रेमच्या खालच्या कडेला 230, भिंतीपाशी 60. आता बाटलीचा तळ जिथे टेकतो, तिथलाच टेबलाचा रंग आयड्रॉपरनं उचला, समजा तो 140 आला, आणि अख्खी बाटली त्याच रंगानं भरा. दोन्ही कडांना तो किंचित गडद करा, म्हणजे ती गोल वाटेल. ग्लासालाही तसंच, फक्त त्याचा तळ पुढे असल्यामुळे रंग 185 च्या आसपास येईल. स्केचचा थर बंद करून नकाशा सेव्ह करा आणि `Preprocessor` ला `none` द्या. तिथे डेप्थचा प्रीप्रोसेसर राहिला, तर तो तुमच्या नकाशाला फोटो समजून त्याचाच नवा अंदाज काढतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

तळाचा रंग जुळवण्यावर इतका भर का, ते सांगतो. बाटली 200 ची आणि तिच्या तळाशी टेबल 140 चं असेल, तर नकाशा म्हणतो की बाटली टेबलाच्या त्या जागेपेक्षा बरीच पुढे आहे, म्हणजे तिथे टेकलेलीच नाही. मॉडेल ते इमानदारीनं पाळतं: बाटली हवेत तरंगते किंवा तिच्याखाली नको तो चौथरा उगवतो. सावली विचित्र पडली की लोक प्रॉम्प्टमध्ये शब्द वाढवत बसतात, पण दोष त्या दोन करड्यांच्या फरकात असतो.

हातानं भरलेली डेप्थ चालते का, अशी शंका कुणी काढेल. कंट्रोलनेटचे कर्ते ल्वमिन झांग यांनी 1.1 आवृत्तीच्या माहितीतच लिहिलंय की नवं डेप्थ मॉडेल एकाच अंदाज-पद्धतीवर शिकवलेलं नाही, आणि थ्रीडी इंजिनातून काढलेल्या खऱ्या डेप्थवरही ते चालतं. म्हणून ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये दोन सिलिंडर आणि एक प्लेन मांडून `Mist` पास, म्हणजे अंतरानुसार करडा रंग देणारं चित्र, काढला तरी चालतो. फक्त त्यात जवळचं काळं येतं, म्हणून तो उलटा करून घ्या.

वेट 2 चं म्हणाल, तर जागा घट्ट धरली जाते हे खरं. पण तुमच्या ओबडधोबड कडाही तितक्याच घट्ट धरल्या जातात आणि रंग करपल्यासारखे दिसतात. 0.8 ते 1 पासून सुरू करा आणि `Ending Control Step` 0.6 ते 0.7 ठेवा. मांडणी सुरुवातीच्या स्टेप्समध्येच ठरते, नंतर मॉडेलला बाटलीचा गळा नीट घडवायला मोकळीक मिळते.

लेबल “जसंच्या तसं” हे मात्र निखालस खोटं आहे. लेबल काचेला चिकटलेलं असतं, म्हणजे दोघांची खोली एकच आणि नकाशात लेबलाचा मागमूसही नाही. अक्षरं मॉडेल मनानं रचतं. विकायच्या बाटलीवर घटक आणि वजन चुकीचं छापलेलं दिसणं हा ग्राहकाला फसवण्याचाच प्रकार झाला. खऱ्या बाटलीचा फोटो त्याच कोनातून काढा, पार्श्वभूमी कापा आणि तयार दृश्यावर त्याच जागी बसवा.

ओपनपोझ माणसाच्या सांध्यांचे बिंदू ओळखतं. बाटलीला खांदा आणि कोपर नसतो, त्यामुळे नकाशा कोरा काळा येतो आणि काहीच धरलं जात नाही. बाटली धरलेला हात दाखवायचा असेल, तर बोटांसाठी `openpose_full` कामाचं आहे, पण बाटली डेप्थवरच राहणार.

एक कबूल करतो: कच्चं स्केच थेट देता येतं, पण ते स्क्रिबल मॉडेलला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा असतील तर `invert (from white bg & black line)` निवडावं लागतं, कारण त्या मॉडेलला काळ्यावर पांढऱ्या रेघा लागतात. त्यात बाह्यरेषा टिकते, पण ग्लास बाटलीच्या किती पुढे आहे ते रेघ सांगत नाही.