चादरी पांढऱ्या दिसत नाहीत, कृपया लक्ष घालावे

गोव्यात बारा खोल्यांचं हॉटेल चालवायचं आणि लॉन्ड्रीवाल्याशी संबंधही गोड ठेवायचे, तर तक्रारीचा मेल लिहायची कला अंगी हवी. मी सहा महिने लिहितोय. संबंध एकदाही बिघडले नाहीत. चादरी बिघडल्या, पण ते वेगळं.

सुरुवात विषयापासून करा. नवीन विषय लिहू नये, जुन्याच मेलवर रिप्लाय दाबावा. माझ्या सगळ्या तक्रारी आजही ‘चतुर्थीच्या शुभेच्छा’ या विषयाखाली सुखाने नांदतात.

आकडे तर लिहूच नका. करारात काय ठरलंय ते दोघांनाही ठाऊक असतं: माल 48 तासांत, पूर्ण वाळलेला, आणि शंभर नगांमागे दोनपेक्षा जास्त परत जायचे नाहीत. मंगळवारी 60 चादरी आल्या, त्यातल्या 11 बाजूला काढाव्या लागल्या. 7 वर तांबूस डाग, 4 आतून दमट. हे हाऊसकीपिंगच्या वहीत आहे. तिथेच असू द्यावं. मेलमध्ये घातलं की माणूस दुखावतो. त्यापेक्षा ‘चादरी पांढऱ्या दिसत नाहीत, कृपया लक्ष घालावे’ हे वाक्य कसं मुलायम!

या वाक्याची ताकद मी प्रत्यक्ष पाहिली. लॉन्ड्रीवाला बाब बिचारा खरंच लक्ष घालतो. पांढऱ्या दिसत नाहीत म्हणजे ब्लीच कमी पडतंय, असं समजून त्याने ब्लीच वाढवलं. आता ते तांबूस डाग होते सनस्क्रीनचे. पाहुणे दिवसभर ते थापून किनाऱ्यावर पडतात आणि तसेच येऊन चादरीवर लोळतात. त्यातलं अ‍ॅव्होबेन्झोन पाण्यातल्या लोहाला भेटलं की गंजासारखा रंग धरतं, आणि क्लोरीनच्या ब्लीचने तो डाग जाण्याऐवजी अधिकच पक्का होतो. ओळखणंही अवघड नाही, डाग खांद्या-मानेच्या जागी असतो आणि धुतल्यावर गडद होऊन परत येतो. पुढच्या खेपेला 7 चे 13 झाले. मी तातडीने कळवलं, ‘अजून पांढऱ्या हव्यात.’ त्याने अजून ब्लीच ओतलं. आता डाग आहेतच, वर कापूस कुजून कडा फाटायला लागल्यात.

म्हापशाला माझा एक ओळखीचा आहे, त्याला हा गोडवा जमत नाही. त्याचा मेल असा: ‘मंगळवारच्या 60 पैकी 7 चादरींवर खांद्याच्या जागी तांबूस डाग, फोटो जोडलेत. सनस्क्रीन आणि लोहाचे वाटतात. या सातांवर क्लोरीन ब्लीच नको. आधी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं गंजाचं औषध लावून बघा, नीट खंगाळा, ब्लीचच्या पाण्यात ते मिसळू देऊ नका. कोपऱ्याला लाल दोरा बांधून सात वेगळ्या पाठवतोय. शुक्रवारी त्यातल्या दोनच करून दाखवा, जमलं तर बाकीच्या. यांच्या परत धुलाईचे पैसे बिलात लावू नका, करारात तसं आहे.’ काय हा रुक्षपणा! दोन उजळल्या, जुना पक्का डाग थोडा राहिला, आणि विषय संपला. लॉन्ड्रीवाल्याला फोन करायचं निमित्तच उरलं नाही बिचाऱ्याला.

दमट चादरींचं शास्त्र सोपं आहे. ड्रायरमधून गरम निघालेली चादर बाहेरून वाळलेली वाटते. घडी घातली की आतली ओल तिथेच दबून राहते आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. मधल्या घडीत हात घालून पाहिलं की कळतं. म्हणून हात घालू नये. पोरगा टेम्पोतून गाठोडी उतरवतो, चलनावर ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ असं छापलेलं असतं. तिथे हसून सही करावी आणि दोन दिवसांनी सविस्तर खेद व्यक्त करणारा मेल पाठवावा. मेलमध्ये ‘पावसाळा आहे, समजू शकतो’ असं आपणच लिहून टाकावं, म्हणजे त्याला कारण शोधायला त्रास नको.

सीसीमध्ये मालक, मॅनेजर, अकाउंटंट, सगळे घाला. मी घातले होते. अकाउंटंटने ते बिल मंजूर करण्याची सूचना समजून पूर्ण रक्कम पाठवली. 60 चादरींचे पैसे आणि खाली वेगळ्या ओळीत: परत धुलाई, 11 नग.

लॉन्ड्रीवाल्या बाबचंही उत्तर आलं, शुभेच्छांच्याच विषयाखाली: ‘नोटेड. पुढच्या खेपेला ब्लीच डबल मारतो.’