‘विषेश’चं ‘विशेष’: काळ्या चौकोनाबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “तुमचा लेख वाचून खडूने लिहिलेल्या मेन्यूच्या फोटोतलं ‘आजचे विषेश’ दुरुस्त केलं. अक्षरं बसली, पण शब्दामागे काळा चौकोन उठून दिसतो. शिवाय खडूसारखा फॉन्ट आयता मिळत असताना अक्षरं कापून चिकटवायचा हा उपद्व्याप कशासाठी? आणि एवढं करण्यापेक्षा फळा पुसून पुन्हा लिहावं की!”

नमस्कार.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्यावर वाद नाही. फळा अजून भिंतीवर असेल आणि लिहिणारा हाताशी असेल, तर पुन्हा लिहा, पुन्हा फोटो काढा. मी सांगतोय ते फळा पुसला गेल्यावर फक्त फोटो उरलेल्यांसाठी आहे.

आता चौकोन. तुम्ही बहुधा फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरने फळ्याचा रंग उचलला आणि त्याच रंगाच्या ब्रशने जुनं अक्षर झाकलं. फोटोतला फळा काळा नसतो. खडूची भुकटी त्यावर बसलेली असते, डस्टरचे पट्टे असतात, उजेड एका बाजूने येतो. एकाच फळ्यावर एका ठिकाणी राखाडीची किंमत ० ते २५५ च्या मापावर ४० असते, वीतभर पलीकडे ७०. अशा जागी एकरंगी ठिगळ लावलं की त्यात धूळही नसते आणि कॅमेऱ्याचा दाणाही नसतो. डोळा नेमका तिथेच जातो.

म्हणून झाकायचं ते फळ्याच्याच तुकड्याने. क्लोन स्टॅम्प घ्या, वेगळ्या रिकाम्या लेयरवर काम करा आणि वरच्या पट्टीत `Sample: Current & Below` निवडा. डस्टर आडवा फिरलेला असेल तर नमुना त्याच पट्ट्यातून, डावीकडून किंवा उजवीकडून उचला. वरच्या ओळीतून उचललात तर पट्टे जुळत नाहीत. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी नमुन्याची जागा बदला, नाहीतर तोच पांढरा ठिपका रांगेत उमटत जातो. ब्रशची कडा अगदी मऊ ठेवू नका, साधारण अर्धी कडक असू द्या. मऊ कडेत दोन्हीकडचे दाणे एकमेकांत मिसळून गुळगुळीत होतात. हीलिंग ब्रश खडूच्या रेघेजवळ वापरूच नका. तो आजूबाजूचा उजेड जुळवून घेतो, त्यामुळे शेजारची पांढरी रेघ आत ओढतो आणि धुरकट डाग पडतो. मोकळ्या फळ्यावर मात्र तो उत्तम.

आणि जुनं अक्षर शंभर टक्के घालवू नका. खऱ्या फळ्यावर बोटाने अक्षर पुसलं तर त्याचं भूत मागे राहतंच. झाकणाऱ्या लेयरची अपारदर्शकता ९० टक्क्यांच्या आसपास आणली की ते भूत वाचता येत नाही, पण जागा धुतल्यासारखीही वाटत नाही. बाकी फळा लख्ख पुसलेला असेल तर अर्थातच पूर्ण झाका.

फॉन्टला माझा नकार कायम आहे. खडू फळ्याच्या उंचवट्यांवर घासतो आणि खाचा कोऱ्या सोडतो. म्हणून रेघेच्या आत काळे कण दिसतात. हे कण त्या विशिष्ट फळ्याचे असतात. फॉन्टमधले कण दुसऱ्याच कुठल्या पृष्ठभागाचे, आणि अक्षर दोनदा आलं की कणही हुबेहूब तेच. त्यातून खऱ्या रेघेची एक कड दाट आणि दुसरी विरळ असते, कारण खडू तिरका धरलेला असतो. फॉन्टमध्ये हा तिरकेपणा आला तरी तो तुमच्या लिहिणाऱ्याच्या हाताचा नसतो.

तुमच्या शब्दात तर फॉन्टची गरजच नाही. ‘विषेश’ आणि ‘विशेष’ यांत लागणारी अक्षरं तीच आहेत, फक्त पोटफोड्या ‘ष’ आणि शहामृगातला ‘श’ यांनी जागा बदलायच्या आहेत. मात्रा दोन्हीकडे दुसऱ्याच अक्षरावर आहे, तेव्हा तिला हात लावायचा नाही. शिरोरेषा सलग ओढलेली असेल तर तीही तशीच राहू द्या. एका दमात मारलेली ती रेघ मध्ये कापून जोडली की सांधा लगेच कळतो. (‘श’वर ती तोडून लिहिली असेल तर तेवढा तुकडा अक्षराबरोबर न्यावा लागेल.) दोन्ही अक्षरांचा उजवा उभा दंडही जागेवरच राहू शकतो. म्हणजे हलवायचे दोनच तुकडे: ‘ष’चं पोट तिरक्या रेघेसकट, आणि ‘श’ची डावी बाजू.

हे तुकडे जुनी अक्षरं झाकण्याआधी लॅसोने सैल हाताने घेरून वेगवेगळ्या लेयरवर कॉपी करा. मग लेयरचा मोड `Screen` करा, म्हणजे पांढरं टिकतं आणि काळं विरतं. पण फक्त एवढंच केलंत तर काळ्याऐवजी उजळ चौकोन मिळेल. फळ्याची किंमत ५० आणि तुकड्यातल्या फळ्याचीही ५० असेल, तर `Screen`मध्ये ती सुमारे ९० होते. म्हणून त्या तुकड्यापुरतं `Levels` लावा आणि डावा, काळा त्रिकोण उजवीकडे सरकवत न्या. तुकड्यातला फळा जेमतेम नाहीसा झाला की थांबा. आणखी पुढे गेलात तर रेघेच्या कडेची बारीक भुकटी मरते आणि अक्षर कात्रीने कापल्यासारखं दिसतं. थोडी धूळ उरली तर मास्कवर लहान ब्रशने घालवा.

तुकडा मोठा-लहान करू नका; खडूचे कणही त्याबरोबर ताणले जातात. थोडा फिरवावा लागला तर एकदाच फिरवा, कारण प्रत्येक वेळी दाणा मऊ होतो. ‘ष’चं पोट दंडाला भिडतं तिथे दोन रेघा किंचित एकमेकींवर चढू द्या. खडूची रेघ रेघेवरून जाते तिथे भुकटी दाट बसते, त्यामुळे तो उजळ सांधा खराच वाटतो.

पुसटपणाचं काय करायचं, हे एका प्रश्नावर ठरवा: हा डाग अक्षराचा आहे की फळ्याचा? बोट लागून रेघेतूनच निघालेली शेपटी अक्षराची. ती तुकड्याबरोबर न्या, म्हणून लॅसो सैल ठेवायला सांगितला. तीन-चार शब्दांवरून गेलेला हाताचा किंवा बाहीचा पट्टा फळ्याचा. तो जागेवरच राहायला हवा. तुमचं नवं अक्षर अशा पट्ट्यात येत असेल तर तेही तितकंच फिकं व्हायला पाहिजे. मास्कवर करड्या रंगाने, पट्ट्याच्याच दिशेने एक-दोन फटकारे मारा. स्मज टूल मला इथे आवडत नाही. तो खडू पसरवतो खरा, पण दाणा पुसून टाकतो आणि ओल्या रंगासारखा लेप उरतो.

चौकोन गेला की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नका. सगळ्यांत वर तात्पुरता `Curves` लेयर घाला आणि गडद भाग भरपूर उजळा. लपलेलं ठिगळ, पुन्हा पुन्हा उमटलेले ठिपके, `Levels`मधून सुटलेली कड, सगळं वर येतं. दुरुस्त करा, तो लेयर काढून टाका, मग फोटो १०० टक्के आकारात एकदा पाहा.

हे सगळं मूळ फाइलवर करा. मेसेजमधून फिरून आलेल्या फोटोत रेघांच्या कडांना जेपेगचे चौकोनी ठोकळे पडलेले असतात, आणि तुकडा हलवला की ते शेजारच्या ठोकळ्यांशी जुळत नाहीत. तुमच्याकडे तशीच प्रत असेल तर पाठवणाऱ्याकडे आधी मूळ फोटो मागा. शब्दावर दिव्याची चकाकी पडली असेल किंवा तो भाग फोकसबाहेर असेल, तरीही तुकडे त्याच शब्दातले असल्याने काम बऱ्यापैकी जमतं. अडचण येते ती हवं ते अक्षर फोटोत कुठेच नसेल तेव्हा. तसं असेल तर त्याच जातीच्या फळ्यावर, त्याच लिहिणाऱ्याकडून तेवढं एक अक्षर लिहून घ्या आणि तशाच उजेडात फोटो काढा. पुढची कृती वरचीच.