टक्का खाली गेला म्हणून खर्च कमी झाला?

"कॉमन साइज आणि ट्रेंडचं इंटरप्रिटेशन एका मिनिटात! टक्का खाली गेला = खर्च कमी झाला. ट्रेंड 100 च्या वर = प्रगती. दोन वर्षांतला फरक काढा, तीच टक्क्यांची वाढ. एवढं लिहा, मार्क पक्के. सेव्ह करून ठेवा."

हे आमच्या बी.कॉम.च्या सगळ्या पोरांच्या फोनवर फिरतंय, शिकवणीला खानापूरहून येणाऱ्या एकानं परवा तेच जसंच्या तसं पेपरात उतरवून आणलं. आकडेमोड सगळी बरोबर, आणि खालचं वाक्यन् वाक्य चुकीचं.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीसारखी एक केस धरूया, आकडे मी बनवलेत, सगळे लाखात. तीन वर्षांची विक्री 200, 250, 300. विकलेल्या मालाचा खर्च 120, 165, 210. ऑफिसचा खर्च 40, 45, 48. म्हणजे ऑपरेटिंग नफा उरतो 40, 40, 42.

आता पहिलं वाक्य घ्या. ऑफिस खर्चाचा कॉमन साइज टक्का 20, 18, 16 असा उतरलाय, म्हणून पोरगं लिहितं "कंपनीने खर्चात कपात केली". अरे पण 40 चे 48 झालेत की! कॉमन साइजचा टक्का हा त्या त्या वर्षाच्या विक्रीवर असतो, आणि इथं खर्च वाढला 20 टक्क्यांनी तर विक्री वाढली 50 टक्क्यांनी, म्हणून वाटा घटला. भाडं, क्लार्कचा पगार असले खर्च विक्रीच्या मापानं वाढतच नाहीत, त्यामुळं हे चांगलंच आहे, फक्त त्याला कपात म्हणायचं नाही.

याचंच उलटं माल-खर्चात होतं. टक्का 60, 66, 70. सगळे लिहून मोकळे, कच्चा माल महागला. महागला असेलही, पण जरा हे बघा, एका कास्टिंगला 60 रुपये खर्च आणि 100 ला विकत होतो, खर्च तोच राहिला आणि ऑर्डर मिळवायला रेट पाडून 86 च्या आसपास विकलं तरी टक्का 70 च येतो. खर्चात एक पैशाचा फरक नाही, खालचा छेद लहान झाला बस्स. केसमध्ये भाव किंवा नगांची संख्या दिली नसेल तर दोन्ही शक्यता लिहायच्या, एकावर बोट ठेवायचं नाही.

100 च्या वर म्हणजे प्रगती, हे तर मला सगळ्यात घातक वाटतं. ग्रॉस प्रॉफिट 80, 85, 90, पहिलं वर्ष 100 धरून ट्रेंड 100, 106.25, 112.5, दिसायला चढताच. पण ट्रेंडची एक ओळ एकटी वाचायचीच नसते, शेजारच्या ओळीशी लावून वाचायची. विक्रीचा ट्रेंड 150, माल-खर्चाचा 175. म्हणजे विक्री दीडपट, खर्च पावणेदोनपट, म्हणूनच ग्रॉस प्रॉफिटचा विक्रीतला वाटा 40 टक्क्यांवरून 30 वर घसरला. विक्री 100 लाखांनी वाढून हातात जादा ऑपरेटिंग नफा आला फक्त 2 लाख. ही एवढी दोन-तीन वाक्यं लिहिलीत तर तपासणाऱ्याला कळतं की पोरानं तक्ता वाचलाय. आणि खर्चाचा किंवा कर्जाचा ट्रेंड 175 असला तर ती पण प्रगतीच का मग?

तिसरं. विक्रीचा ट्रेंड 125 वरून 150, फरक 25, म्हणून "25 टक्के वाढ". नाही. ते 25 पहिल्या वर्षाच्या 200 लाखांवरचे आहेत. मागच्या वर्षावर बघायचं तर 250 चे 300, वाढ 20 टक्केच. कॉमन साइजमध्येही तसंच, 66 चे 70 झाले तर "4 टक्के पॉइंटांनी वाटा वाढला" म्हणा, कारण रुपयात तो खर्च 165 वरून 210, म्हणजे 27 टक्क्यांच्या वर वाढलाय. काहीजण ट्रेंड काढतानाच दरवर्षी आधीच्या वर्षाला 100 धरतात, तो साखळी पद्धतीचा हिशोब झाला, प्रश्नात आधार वर्ष दिलं असेल तर शेवटपर्यंत तेच धरायचं.

त्या आधार वर्षाकडंही एकदा बघून घ्या. 2020-21 धरलं असेल तर लॉकडाउनमुळं बऱ्याच धंद्यांची विक्री तेव्हा बसलेली होती, पुढचे 180, 200 बघून हुरळायचं नाही, 2019-20 चा आकडा दिला असेल तर त्याच्याशी ताडून बघायचं. आणि आधार वर्षालाच तोटा असेल, समजा उणे 5 आणि पुढच्या वर्षी नफा 10, तर कॅल्क्युलेटर उणे 200 दाखवतो, ज्याला काही अर्थ नाही. तिथं टक्का न काढता "5 लाख तोट्यातून 10 लाख नफ्यात" असं सरळ रुपयात लिहायचं.