गुडघे संपले

परवा रात्री दहावीच्या ग्रुपवर गेट-टुगेदरची यादी पडली. वर ठळक अक्षरांत 'न येणारे', खाली नावं आणि प्रत्येक नावापुढं कारण. यादी करणारा अर्थातच मॉनिटर. सर वर्गाबाहेर गेले की हा फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. फळा गेला, खडू गेला, खोड राहिली. माझ्यापुढं लिहिलं होतं : 'महाशय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. २०१९ डावा, २०२३ उजवा. गुडघे संपले.'

खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आठवीत वक्तृत्व स्पर्धेला 'अध्यक्ष महाशय' एवढंच बोलून मी गप्प उभा राहिलो होतो, त्याची ही पेन्शन. ती महागाई भत्त्यासकट वाढते.

गेट-टुगेदरला नाही म्हणण्यात पहिली चूक लोक करतात ती गप्प बसण्याची. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका बंद करता येतात, पण फक्त एकास एक बोलण्यात. ग्रुपमध्ये तो पडदा चालत नाही. मेसेज टाकणाऱ्यानं तो दाबून माहिती बघितली, की कुणी वाचला याची नावं निघतात. मतदानातही कुणी काय टिचकी मारली ते सगळ्यांना दिसतं. 'येणार नाही'वर एकट्याचं मत असलं की ते चुलीवरच्या दुधासारखं सगळे बघत बसतात. ग्रुप सोडावा, तर सोडून गेलेल्यांची यादी साठ दिवस तिथंच उघडी. पूर्वी शाळा सोडल्याचा दाखला मिळायचा, आता हा मिळतो.

दुसरी चूक अंतर सांगण्याची. पुणे ते बेळगाव जवळजवळ ३४० किलोमीटर. शनिवारची रात्र बसमध्ये, रविवारची रात्र बसमध्ये, सोमवारी ऑफिसात मान वाकडी. आणि मधल्या चार तासांत दोन तास शाल-श्रीफळ. हिशेब बिनतोड आहे. पण बेळगावच्या माणसाला अंतर हे कारण वाटत नाही, काम वाटतं. मॉनिटरचा फोन आलाच.

"काय गा महाशय, काय करूलालास?"

"अरे, बसचं काही खरं नाही. सीमेवर परत काही झालं की गाड्या अडवतात." हे आमच्याकडचं खास हत्यार. दोन राज्यांचं बिनसलं की एसट्या खरोखरच सीमेपर्यंतच धावतात. इतक्या वर्षांच्या सीमावादानं मला दिलेला हा एकमेव फायदा.

"मग कोगनोळीपर्यंत ये की. नाक्यावर गाडी लावतो. कर्नाटक पासिंगची."

"रात्री दोन वाजता?"

"निपाणीचा आपला गडी हाय की! तसाही त्याला झोप येत नाही. खरं एक सांग, टी-शर्ट एल का एक्सेल?"

"मी येत नाहीये रे."

"ते कळलं. साईज सांग."

इथं माझी गंमत संपते. या माणसाला मी नको आहे, त्याला आकडा भरायचा आहे. पंचेचाळीसपैकी किती आले, हे त्याला शेजारच्या तुकडीला दाखवायचं आहे. तीस वर्षांत माझी आई आजारी होती तेव्हा एक फोन नाही, आणि टी-शर्टासाठी तीन. जाऊ दे.

तर कारण खोटं असो वा खरं, देऊच नये. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला घेतो. शिवाय तो लिहून ठेवतो, आणि गुडघे माणसाला दोनच असतात. नकार ग्रुपवर टाकू नये. जो जेवणाचा आकडा देणार आहे त्या एकट्यालाच सांगावा, तोही लवकर. केटरर ताटांचा आकडा दोन-तीन दिवस आधी पक्का करतो आणि त्यानंतर कमी करत नाही. तुमचं उरलेलं ताट वर्गणीत इतरांवर पडतं, आणि खरा राग त्याचा असतो, तुमच्या गैरहजेरीचा नव्हे. वाक्य एवढंच : 'मला यायला जमणार नाही, माझं ताट धरू नकोस.' 'बघतो', 'प्रयत्न करतो' हे शब्द वर्ज्य. आमच्या भागात 'बघतो' म्हणजे खुर्ची मांडली. आणि सरांच्या सत्काराची वर्गणी मात्र द्यावी. सरांनी काय वाईट केलंय?

हे सगळं मी काल तंतोतंत केलं. मॉनिटरला एकट्याला मेसेज, कारण शून्य, ताट नको. खाली सत्कारासाठी पाचशे रुपये, शेरा 'फक्त सरांसाठी'.

दहा मिनिटांत ग्रुपवर नवी यादी आली. 'पैसे जमा झालेले, म्हणजे येणारे.' एकतिसावं नाव : महाशय, एक्सेल, कोगनोळी नाका, रात्री दोन.