तो स्वल्पविराम यादीतला नव्हता

एका वाचकाची प्रतिक्रिया:

"मागचा लेख वाचला. यादीत 'आणि'च्या आधी स्वल्पविराम नको म्हणता आणि दुसऱ्याच परिच्छेदात तो ठेवता. एका ओळीत 'पाच लेख', पुढच्या ओळीत '५ टक्के'. अवतरणातला पूर्णविराम कधी आत, कधी बाहेर. स्वतःला पाळता येत नाही तो नियम लेखकांवर कशाला लादता? मुळात ही इंग्रजीतून आलेली डोकेदुखी. आणि सगळं एकसारखं करायचंच असेल तर 'शोधा आणि बदला' आहे की, तासाभराचं काम!"

उत्तर:

तुमचं बोट ज्या वाक्यावर आहे ते असं: “शैलीपत्रक सगळ्यांना आधीच पाठवलं होतं, आणि तरीही चौघांनी ते उघडलंच नाही.” हा स्वल्पविराम दोन पूर्ण वाक्यांच्या सांध्यावर बसलाय. मी नको म्हणालो तो यादीतल्या शेवटच्या घटकाआधीचा. “कथा, कविता, आणि नाटक” यातला दुसरा स्वल्पविराम, ज्याला इंग्रजीत सिरियल कॉमा म्हणतात. चिन्ह तेच, शेजारी ‘आणि’ही तोच, पण काम वेगळं. एकसारखेपणा कामाचा पाहायचा असतो, दिसण्याचा नाही. दिसण्याचा पाहायला गेलं की नेमकी तुम्ही केलीत तशी गल्लत होते. (यात तुमचा दोष नाही, मी मागच्या लेखात हा फरक सांगायलाच हवा होता.)

इंग्रजीचं म्हणाल तर तिथेही एकमत नाही. शिकागो मॅन्युअल आणि ऑक्सफर्ड हा स्वल्पविराम घेतात, असोसिएटेड प्रेसची वृत्तशैली साध्या यादीत गाळते. मराठीत तो सहसा नसतोच. पण प्रश्न उपटतो तो संपादित ग्रंथात, कारण हात अनेकांचे असतात. आमच्या ग्रंथात १४ लेख होते. संपादनाला हात लावण्याआधी मी प्रत्येक लेखातल्या पहिल्या काही याद्या तपासून नुसती नोंद केली. दहा लेखांत स्वल्पविराम नव्हता, तीन लेखांत नेमाने होता आणि एका लेखात मनाला येईल तसा. ते तिघं एरवी इंग्रजीत शोधनिबंध लिहिणारे. मग ठरवायला फारसं काही उरलंच नाही. प्रकाशकाचा स्वतःचा नियम नसेल तर ज्या पर्यायात कमीत कमी लेख बदलावे लागतात तो घ्यायचा. आम्ही स्वल्पविराम गाळला.

गाळायचा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, अर्थ घोटाळ्यात पडला तर काय? एका लेखात हे वाक्य होतं:

“या विभागात दोन ज्येष्ठ संपादक, मुद्रितशोधक आणि भाषांतरकार यांच्या मुलाखती आहेत.”

मुलाखती किती? दोन म्हटलं तरी चालतं: संपादक दोघंच, त्यांतला एक मुद्रितशोधनही करतो आणि दुसरा भाषांतर. चार म्हटलं तरी चालतं. पुढचं ‘यांच्या’ दोन्ही अर्थांना सारखंच लागू पडतं, त्यामुळे मराठीची नेहमीची मदतही इथे मिळत नाही. ‘आणि’आधी स्वल्पविराम टाकला तर पारडं चारच्या बाजूला झुकतं, पण ज्या वाचकाला ग्रंथभर तो स्वल्पविराम दिसलेला नाही, त्याला या एकाच ठिकाणचा इशारा कळणार कसा? लेखिकेला विचारलं, तर माणसं चार. मग क्रम फिरवला: “एक मुद्रितशोधक, एक भाषांतरकार आणि दोन ज्येष्ठ संपादक यांच्या मुलाखती”. अनेकवचनी घटक शेवटी गेला की त्याच्यामागून येऊन त्याचं स्पष्टीकरण वाटेल असं काही उरत नाही.

दुसरा घोटाळा असतो जोड्यांचा. “कथा आणि कादंबरी, नाटक आणि एकांकिका आणि समीक्षा” हे वाचताना अडखळायला होतं. इंग्रजीत अशा वेळी स्वल्पविरामाशिवाय गत्यंतर नसतं. आपल्याकडे ‘व’ आहे. जोडीच्या आत ‘व’, यादीच्या शेवटी ‘आणि’: “कथा व कादंबरी, नाटक व एकांकिका आणि समीक्षा”. शैलीपत्रकात मी हे याच क्रमाने लिहिलं: आधी ‘व’ने सुटतंय का पाहा, मग क्रम बदलून पाहा, तरीही अडलं तरच स्वल्पविराम घाला आणि ती जागा पान क्रमांकासह नोंदवा. ती नोंद नसेल तर मुद्रितं तपासणारा माणूस तो स्वल्पविराम इमानेइतबारे काढून टाकतो.

आता ‘पाच लेख’ आणि ‘५ टक्के’. दोन्ही नियमातच आहेत. आमचा नियम असा: साध्या मजकुरात दहापर्यंत अक्षरी, ११पासून अंकी. टक्के, मापं, तारखा, पान क्रमांक नेहमी अंकी. शिकागो सर्वसाधारण मजकुरात शंभरापर्यंतच्या संख्या अक्षरी लिहायला सांगतं, आणि आमच्यातल्या एका संपादकाला तेच हवं होतं. पण इंग्रजीत विसाच्या पुढे जुनेच शब्द जोडत जायचं असतं. मराठीत शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचा शब्द स्वतंत्र. ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ वाचताना चांगले वाचक क्षणभर थबकतात. ‘त्रेसष्ट’ की ‘त्रेसष्ठ’ यावर १४ जणांचं एकमत व्हायचं नाही. एक विसंगती मिटवताना शुद्धलेखनाची दुसरी घरात घ्यायची, त्यापेक्षा दहाची मर्यादा बरी.

त्याला एक पोटनियम मात्र लागतोच. एकाच वाक्यात एकाच गोष्टीची मोजणी असेल तर दोन्हीकडे एकच रूप. “पहिल्या वर्षी आठ मुलाखती, दुसऱ्या वर्षी २३” असं न करता “८” आणि “२३”. याउलट “आठ कार्यकर्त्यांनी २३ मुलाखती घेतल्या” हे ठीक, कारण मोजलेल्या गोष्टी वेगळ्या. वाक्याची सुरुवात अंकाने करायची नाही, शब्द लांबलचक होत असेल तर वाक्य फिरवायचं. आणि प्रत्यय अंकाला चिकटवायचा: ‘२१व्या’, ‘१९७५मध्ये’. मध्ये मोकळी जागा सोडली की कधीतरी ओळ तिथेच तुटते आणि ‘व्या’ पुढच्या ओळीच्या तोंडाशी पोरका उभा राहतो. ‘साली’ हा स्वतंत्र शब्द, तो सुटाच.

तासाभराच्या कामाबद्दल. शोधायला यंत्र हवंच, त्याबद्दल वाद नाही. बदलायला मात्र नको, निदान ‘सगळे बदला’ तरी नको. एका लेखकाने सगळे आकडे इंग्रजी पद्धतीचे टंकले होते, ग्रंथात देवनागरी ठरलेले. वर्डमध्ये वाइल्डकार्ड चालू करून हे शोधलं:

```
[0-9]
```

सगळे सापडले. त्यांत दुव्यांमधले होते, डीओआयमधले होते, आयएसबीएनमधले होते आणि इंग्रजी ग्रंथनामांतलेही होते. ते एका झटक्यात देवनागरी केले असते तर संदर्भसूचीतला एकही दुवा उघडला नसता, आणि छापील पानावर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. स्वल्पविरामाचंही तसंच. शोधायचं असतं `, आणि` आणि `, व ` (‘व’नंतरची जागा विसरलात तर प्रत्येक ‘वगैरे’ हजर होतो). त्यात वाक्यसांध्यांवरचे स्वल्पविराम येतात, उद्धृतांमधले येतात, लेखांच्या शीर्षकांमधलेही येतात. दुसऱ्याच्या उद्धृताला आणि शीर्षकाला आपला स्वल्पविरामाचा किंवा अंकांचा नियम लागू नाही. तुमची प्रतिक्रियाही वर मी सरळ अवतरणचिन्हांसकट जशीच्या तशी ठेवली आहे, ती त्याच कारणाने.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला अवतरणचिन्हांनी. ठरलं होतं ते साधंच: उद्धृताला दुहेरी, उद्धृतातल्या उद्धृताला एकेरी, संज्ञेलाही एकेरी. एका लेखकाची पद्धत नेमकी उलटी, बाहेर एकेरी आणि आत दुहेरी. शिवाय त्याच्या संज्ञाही एकेरीतच. म्हणजे त्याची अर्धी एकेरी चिन्हं बदलायची होती आणि अर्धी जागेवरच ठेवायची होती. कोणती कुठली हे यंत्राला सांगता येत नाही. आणि एकेरीची थेट दुहेरी केली की आतली आणि बाहेरची दोन्ही दुहेरी होतात, मग कोण कुणाच्या पोटात ते कळत नाही. म्हणून आधी आतली दुहेरी बाजूला काढली, उघडणाऱ्या चिन्हाच्या जागी `@@1` आणि मिटणाऱ्याच्या जागी `@@2`. मग एकेक एकेरी जोडी डोळ्यांनी पाहून, उद्धृत असेल तर दुहेरी केली, संज्ञा असेल तर सोडून दिली. शेवटी `@@1` आणि `@@2` यांच्या जागी एकेरी चिन्हं घातली. एका लेखाला अख्खी दुपार गेली. शेवटी `@@` शोधून एकही उरलं नाही ना, हे पाहायला विसरू नका.

यात आणखी एक खोड लपलेली असते. वर्ड आपणहून चिन्हं वळवतं तेव्हा आधीचं अक्षर पाहतं. आधी मोकळी जागा असेल तर उघडणारं, अक्षर असेल तर मिटणारं. त्यामुळे ’७५ साली मधलं लोपचिन्ह हमखास उलटं, ‘७५ असं पडतं. आम्ही वर्षं पूर्णच लिहायची ठरवून हा प्रश्न मुळातूनच काढला. सरळ चिन्हं मागे राहिली आहेत का हे पाहताना वर्डचा साधा शोध कामाचा नाही, त्याला सरळ आणि वळणदार सारखीच दिसतात. तिथेही वाइल्डकार्ड चालू करावं लागतं.

राहिला पूर्णविराम, आणि तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. नियम असा: अख्खं वाक्य उद्धृत केलं असेल तर पूर्णविराम आत, तुकडाच घेतला असेल तर बाहेर. तो कधी आत, कधी बाहेर दिसणारच. पण मागच्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात एका दोन शब्दांच्या तुकड्याचा पूर्णविराम मी आत ठेवलाय, त्याला कुठलंही समर्थन नाही. तो आज बाहेर काढला. तो दुरुस्त करताना शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ‘२१ व्या’ही सापडला, मोकळ्या जागेसकट.